छापील अडीच, प्रत्यक्षात पावणेदोन : एका तपकिरी पडलेल्या सॉकेटचा तपास

दुमजली घर, नव्यानं केलेलं वायरिंग, आणि वरच्या मजल्यावर ३ किलोवॅटच्या वॉटर हीटरचं सॉकेट वर्षभरात तपकिरी पडलेलं. तक्रार एवढीच होती. एमसीबी २० अँपिअरचा, पडलेला नव्हता. हीटर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो, म्हणजे भार मर्यादेच्या पुष्कळ आत. वायर २.५ चौरस मिमी, तांब्याची, फ्लेक्सिबल. निदान तिच्या पीव्हीसीवर तसं छापलेलं होतं. हिशोबात कुठेही खोट दिसत नव्हती, म्हणून घरमालकांनी सॉकेटलाच दोष दिला आणि दुसरं बसवलं. तेही महिन्याभरात पिवळं पडायला लागलं तेव्हा मला बोलावलं.

मेन बंद करून सॉकेट उघडलं. पहिलं कारण लगेच दिसलं. टर्मिनल पिलर प्रकारचं होतं, म्हणजे पितळेच्या ठोकळ्यात भोक आणि वरून आत उतरणारा स्क्रू. या भोकात फ्लेक्सिबल वायरच्या बारीक तारा नुसत्या पिळून घातल्या होत्या, तारांच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी, म्हणजे फेरूल, नाही, काही नाही. स्क्रू फिरत फिरत खाली आला तशा त्यानं मधल्या तारा चिरल्या आणि काहींना बाजूला ढकललं. एकूण ३६ तारांपैकी ९ तुटलेल्या किंवा बाहेर राहिलेल्या होत्या. उरलेल्यांवर स्क्रूचा दाब नीट बसलेला नव्हता. सांधा असा अर्धवट बसला की त्याचा रोध वाढतो, तिथे उष्णता होते, तापण्या-निवण्यानं तारा आणखी सैल होतात, आणि सैल झाल्या की पुन्हा जास्त तापतात. एमसीबीला यातलं काही कळत नाही. त्याच्यातून जाणारा प्रवाह तेवढाच, १३ अँपिअर.

इथेच थांबता आलं असतं. फेरूल क्रिम्प करायचं, सॉकेट बदलायचं, काम संपलं. पण ज्या वायरमननं हे वायरिंग केलं होतं तो हजर होता, आणि त्यानं सहज एक वाक्य टाकलं : “साहेब, ही वायर सोलतानाच हाताला हलकी लागत होती. पण तारा मोजल्या मी, ३६ भरल्या. ३६ म्हणजे अडीचचीच ना?”

त्याचं चुकलं नव्हतं. जुन्या कोष्टकांत अडीचच्या फ्लेक्सिबल वायरची बांधणी ३६ तारा, प्रत्येकी ०.३० मिमी अशीच दिलेली असे. एका तारेचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मिमी, गुणिले ३६, म्हणजे २.५४. आकडा बरोबर बसतो. आयईसी ६०२२८ या मानकानं पाचव्या वर्गाच्या, म्हणजे फ्लेक्सिबल वाहकासाठी या मापात एकेक तार ०.२६ मिमीपेक्षा जाड नको असं ठरवलं आहे, म्हणून आता ५० तारा गुणिले ०.२५ मिमी ही बांधणी जास्त आढळते. तिचं क्षेत्रफळ २.४५ येतं. तारांची संख्या या दोन्ही बांधण्यांत वेगळी, तांबं जवळजवळ तेवढंच. म्हणून नुसती संख्या काहीच सांगत नाही. जाडी मोजावी लागते.

मायक्रोमीटर लावला. तार ०.२५ मिमी.

संख्या जुन्या कोष्टकातली आणि जाडी नव्या कोष्टकातली, असा हा मेळ. ०.३० आणि ०.२५ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, बोटालाही नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे एवढ्याशा फरकात ३० टक्के तांबं गायब होतं. ३६ गुणिले ०.०४९१ म्हणजे १.७७ चौरस मिमी. वायरवर छापलेले अडीच प्रत्यक्षात पावणेदोन. बाहेरून मात्र ती अडीचच्या वायरइतकीच जाड होती, कारण जेवढं तांबं कमी केलं तेवढं पीव्हीसी वाढवलेलं होतं. आडवी कापून शेजारी चांगली वायर धरली तरच पीव्हीसीचं कडं जाड दिसत होतं.

वजन आणि रोध, दोन्ही का पाहिले

एका तारेला मायक्रोमीटर लावून निकाल द्यायला मी धजत नाही. बारीक तार मायक्रोमीटरच्या दाबाखाली किंचित चपटी होते, आणि ०.०१ मिमीची चूक झाली तरी क्षेत्रफळात ८ टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय मिश्रधातू किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर व्यास अगदी बरोबर येऊनही वायर खोटी असू शकते. म्हणून शिल्लक राहिलेल्या न उघडलेल्या कॉइलवर दोन स्वतंत्र चाचण्या केल्या.

वजनाची चाचणी सोपी आहे. टेपनं मोजून २ मीटर तुकडा कापायचा, सगळं पीव्हीसी सोलायचं, आणि फक्त तांबं सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर ठेवायचं. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.८९ ग्रॅम, म्हणून १ चौरस मिमीच्या १ मीटर तारेचं वजन ८.८९ ग्रॅम. पिळामुळे प्रत्येक तार वायरपेक्षा थोडी लांब असते, त्यासाठी साधारण २ टक्के वाढवायचे. प्रामाणिक अडीचच्या फ्लेक्सिबल वायरचं तांबं २ मीटरला ४४ ते ४६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. इथे ३२ ग्रॅम भरलं. उलट हिशोब केला की क्षेत्रफळ १.७७ च्या जवळच येतं, म्हणजे मायक्रोमीटर खरं बोलत होता.

रोधाची चाचणी मात्र साध्या मल्टीमीटरवर करू नये. अडीचच्या १०० मीटर वायरचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो आणि मल्टीमीटरच्या स्वतःच्या लीडच ०.२-०.३ ओहम दाखवतात. त्याऐवजी डीसी सप्लायनं कॉइलमधून ठरावीक २ अँपिअर प्रवाह सोडला आणि वायरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज वेगळ्या लीडनी, प्रवाहाच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला मोजला. व्होल्टेजला प्रवाहानं भागलं की रोध मिळतो, आणि चिमट्यांचा रोध हिशोबात येत नाही. वाचन आलं १.९४ व्होल्ट, म्हणजे ०.९७ ओहम.

आता तुलना. आयईसी ६०२२८ प्रमाणे अडीचच्या फ्लेक्सिबल वायरचा रोध २० अंशाला दर किलोमीटर जास्तीत जास्त ७.९८ ओहम, सॉलिड किंवा सात तारांच्या वायरचा ७.४१. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. त्या दिवशी खोलीत ३० अंश होते, म्हणून १०० मीटर फ्लेक्सिबलची मर्यादा ०.८० ऐवजी ०.८३ ओहम धरायची. कॉइल ०.९७ वर होती. नापास झालीच, पण एक गोष्ट खटकली. १.७७ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध ३० अंशाला दर किलोमीटर १०.३ ओहम यायला हवा, म्हणजे १०० मीटरला १.०३. मग ०.९७ का?

कॉइलमध्ये १०० मीटर नव्हतेच. पीव्हीसीवर दर मीटरला खूण छापलेली होती, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं तर ते ९४ सेंटिमीटर निघालं. ९४ मीटरच्या हिशोबानं आकडा अचूक बसतो. टेपनं मोजून कापलेल्या १० मीटर तुकड्याचा रोध वेगळा घेतला, तो ०.१०३ ओहम आला. पूर्ण कॉइलच्या रोधाला त्यानं भागलं तरी लांबी ९४ मीटरच निघते. कॉइल उलगडायची गरजच पडली नाही.

या प्रकरणातली मला सगळ्यात बोधक वाटलेली गोष्ट हीच. एक लबाडी दुसरीला झाकते. कॉइल आखूड असली की तिचा एकूण रोध कमी दिसतो आणि बारीक वायर थोडी बरी भासते. बॉक्सवरच्या १०० मीटरवर विश्वास ठेवला असता तर वायर मर्यादेपेक्षा १७ टक्के वाईट ठरली असती. खरा आकडा २५ टक्के. खोट याहून बेतानं केली असती, म्हणजे क्षेत्रफळ २.१ आणि लांबी ९४ ठेवली असती, तर पूर्ण कॉइलची चाचणी ती पासही झाली असती. म्हणून रोध आणि वजन दोन्ही टेपनं मोजलेल्या तुकड्यावरच घ्यावेत, छापील मीटरवर नाही.

वजनावरून काढलेलं क्षेत्रफळ आणि रोधावरून काढलेलं क्षेत्रफळ जुळलं, याचा दुसरा अर्थ असा की धातू चांगलं तांबंच होतं, फक्त कमी होतं. वजन बरोबर भरून रोध जास्त आला असता तर अशुद्ध, भंगारातून नीट न शुद्ध केलेल्या तांब्याचा संशय घेतला असता. व्यास बरोबर पण वजन निम्म्याहूनही कमी असं निघालं असतं तर मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते ओळखायला फार काही लागत नाही : तार ब्लेडनं खरवडली की लाल थराखाली चंदेरी गाभा दिसतो, आणि बारीक तार लायटरच्या ज्योतीत धरली तर ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळून टोकाला थेंब होतो, तांबं १०८५ अंशाचं, ते नुसतं लाल होऊन काळं पडतं. इथे घोटाळा करून घेऊ नये. कथिलाचा मुलामा असलेलं तांबंही वरून चंदेरी असतं, पण खरवडल्यावर आत लाल निघतं. ते खोटं नाही, उलट दमट जागेसाठी चांगलं. चुंबकाची चाचणी बरेच जण करतात. ती फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद पकडते, ॲल्युमिनियमला ती पासच करते.

एक गोष्ट वायर विकणाऱ्याच्या बाजूनंही सांगायला हवी. मानक क्षेत्रफळाची नव्हे, रोधाची हमी मागतं. ७.४१ ओहमची अट पाळायला शुद्ध तांब्याचं क्षेत्रफळ २.३३ असलं तरी पुरतं. त्यामुळे अडीचच्या सॉलिड वायरचा व्यास कोष्टकातल्या १.७८ ऐवजी १.७३ मिमी निघाला म्हणून दुकानदाराच्या अंगावर जाऊ नये. ती वायर नियमात बसते. १.६५ निघाला तर जरूर जावं.

पण हीटर तर १३ अँपिअरचाच होता

घरमालकांचा प्रश्न रास्त होता : पावणेदोनची वायर १३ अँपिअर सहज नेते, मग बिघडलं काय? खरं सांगायचं तर सॉकेट तपकिरी पडण्यात वायरच्या मापाचा वाटा थोडा होता. मुख्य दोष जोडणीचा. २२ मीटर अंतरावर चांगल्या वायरनं जवळजवळ ४ व्होल्ट पडले असते, इथे साडेपाच-सहा पडत होते. कोणाच्याही लक्षात येणार नाही असा फरक.

धोका होता तो एमसीबीशी असलेल्या नात्यात. २० अँपिअरचा एमसीबी २० ला पडत नाही. आयईसी ६०८९८ प्रमाणे तो १.४५ पटीला, म्हणजे २९ अँपिअरला, तासाभराच्या आत पडला तरी नियमात बसतो. त्याच सर्किटवर हीटरबरोबर कोणी इस्त्री आणि आणखी एखादा हीटर लावला आणि २९ अँपिअर वाहू लागले, तर चांगल्या फ्लेक्सिबल वायरच्या प्रत्येक मीटरमध्ये ६ वॅट उष्णता होईल. या वायरमध्ये ८.४ वॅट. भिंतीतल्या पाइपात, शेजारी दुसऱ्या भरलेल्या वायरी असताना, जवळजवळ तासभर. एमसीबी निवडताना त्यामागची वायर अडीचची आहे असं गृहीत धरलेलं होतं, आणि ते गृहीतक कोणी तपासलेलं नव्हतं.

मग सॉलिड की फ्लेक्सिबल

हीटरचं सर्किट बदलायचं ठरलं तेव्हा वायरमनचा आग्रह पुन्हा फ्लेक्सिबलचाच होता. त्याचं म्हणणं, फ्लेक्सिबल जास्त करंट नेते, कारण करंट तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो आणि बारीक तारांचा पृष्ठभाग जास्त. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वादाला बसतच नाही, फक्त आकडा सांगतो. ५० हर्ट्झला तांब्यात प्रवाह ९ मिमीच्या वर खोलीपर्यंत पसरतो. अडीचच्या वायरची त्रिज्या ०.९ मिमी. म्हणजे तिच्या सगळ्या छेदातून तो सारखाच वाहतो. उलट मानकातली रोधाची मर्यादा फ्लेक्सिबलला थोडी सैल आहे, ७.४१ ऐवजी ७.९८. तेवढ्याच मापात फ्लेक्सिबल जास्त नेत नाही.

तिचा खरा गुण वाकण्यात आहे. जिथे वायर हलते, थरथरते, पुन्हा पुन्हा वाकते, तिथे सॉलिड वापरूच नये. पॅनेलच्या दारावर जाणाऱ्या वायरी, मोटरची जोडणी, हलवायची उपकरणं. सॉलिड तार एकाच जागी काही वेळा वाकली की कडक होते आणि तुटते, आणि पीव्हीसीच्या आत तुटलेली दिसतही नाही. जुन्या पाइपात कोपरे बरेच असतील तर तिथूनही फ्लेक्सिबल सहज ओढली जाते.

या घरात हीटरची ओळ जवळजवळ सरळ होती, दोन कोपरे, आणि वायर एकदा बसली की कोणी हात लावणार नव्हतं. टर्मिनलं पिलरची. सॉलिड तार पिलरमध्ये स्क्रूखाली एकसंध दाबली जाते. सुटून बाहेर जाणारी तारच नाही. स्प्रिंगच्या ढकलून बसणाऱ्या टर्मिनलांतही ती थेट जाते, तर त्यातल्या अनेकांत फ्लेक्सिबल फेरूलशिवाय धड बसत नाही. म्हणून मी सॉलिड सुचवली. अडीचपर्यंत ती हाताला वळते. ६ चौरस मिमीला मात्र सॉलिडशी कुस्ती खेळावी लागते, तिथे सात तारांची वायर बरी.

आणि एक कारण या प्रकरणानं नव्यानं पटवलं. सॉलिड वायर दुकानाच्या काउंटरवर तपासता येते. टोक सोललं, मायक्रोमीटर लावला, एका वाचनात क्षेत्रफळ कळलं. एवढ्या जाड तारेत ०.०१ मिमीची चूक झाली तरी फरक १.१ टक्काच पडतो. लबाडी लपवायला तिथे जागाच नाही. फ्लेक्सिबलमध्ये तारा मोजा, जाडी मोजा, वजन घ्या, तेव्हा कुठे कळतं. आणि बहुतेक जण तारा मोजण्यापर्यंतही जात नाहीत. म्हणून कमी मापाची वायर खपवायला फ्लेक्सिबल सोयीची.

फ्लेक्सिबल जिथे ठेवली तिथे तिच्या टोकांना मापाचं फेरूल क्रिम्प करून घेतलं. वायरमननं टोकांना डाग देऊन तारा एकजीव करायची तयारी केली होती, ते थांबवलं. सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं आणि आज घट्ट वाटणारा स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. म्हणजे जिथून सुरुवात झाली तोच दोष पुन्हा.

आधीच भिंतीत गेलेल्या वायरीचं काय

सगळं घर पुन्हा उखडणं परवडणारं नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं. पावणेदोन म्हणजे अडीच नाही, पण दीडपेक्षा जास्त. म्हणून भिंतीतली ती सगळी वायर दीडची समजायची असं ठरवलं. दिव्या-पंख्यांची सर्किटं १० अँपिअरच्या एमसीबीवर आणली आणि तशीच ठेवली. हीटर, आणि खालच्या मजल्यावरचं एक जड भाराचं सर्किट, या दोन ओळी नव्या सॉलिड वायरनं ओढल्या. अर्थिंगची वायरही त्याच कॉइलची होती, ती या दोन ओळींत सोबतच बदलली. एमसीबीशेजारी पॅनेलच्या आत चिठ्ठी चिकटवली : या सर्किटांची वायर १.५ समजावी, एमसीबी वाढवू नये. ही चिठ्ठी वेळ घालवण्यासारखी वाटते, पण पाच वर्षांनी येणारा वायरमन पीव्हीसीवरचं २.५ वाचून १० च्या जागी २० बसवेल, हे नक्की.

कॉइलवरची छपाई नंतर निवांत वाचली. वायरवर “२.५ मिमी” असं होतं, चौरस मिमी नाही. मानकाचा क्रमांक नाही, वाहकाचा वर्ग नाही, उत्पादनाची तारीख नाही. बॉक्सवर मात्र मानकाचं नाव ठळक होतं. बॉक्स आणि वायर यांच्यावरचा मजकूर जुळत नसेल तर खरा वायरवरचाच धरावा, कारण बॉक्स बदलता येतो. अर्थात वायरवर सगळं नीट छापलेलं असलं तरी ती चांगली आहे असं ठरत नाही, ०.९४ मीटरला १ मीटर छापणाऱ्याला “चौरस” छापायला काय अडचण?

नव्या सॉलिड कॉइलचं टोक दुकानातच सोललं. व्यास १.७६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २.४३. घरी आणल्यावर १० मीटर तुकड्यातून २ अँपिअर सोडले, व्होल्टेज ०.१४७ आलं, रोध ०.०७४ ओहम, ३० अंशाला मर्यादा ०.०७७. शिल्लक राहिलेली जुनी कॉइल, ३२ ग्रॅमचा तांब्याचा पुंजका आणि वाचनांचा कागद घरमालकांनी विक्रेत्याकडे नेला. तो म्हणाला, छपाई कारखान्यातून येते, मी काय करणार. पैसे मात्र त्यानं परत केले, आणि मायक्रोमीटर कुठे मिळतो ते विचारून घेतलं.